आळीताईच्या आईचे पेरू

विमानतळावर आम्ही तिला आळीताई म्हणतो. बाहेरून येणाऱ्यांची फळं-बियाणं तपासायचं आमचं काम, आणि फळात आळी असली की ती हिला बरोबर सापडते. नाव तिनेही हसून लावून घेतलंय.

तिची आई मात्र या नोकरीवर नाराज. "लोक प्रेमाने खायला आणतात आणि तू हिसकावून घेतेस," असं फोनवर ऐकवायची. मुलीकडे परदेशी राहायला पहिल्यांदाच निघाली, तेव्हा ताईने दहादा बजावलं, "ताजं काही आणू नकोस."

त्या दिवशी क्ष-किरणाच्या पडद्यावर एका पिशवीत गोल गोल आकार दिसले. यंत्रापलीकडून आवाज आला, "पेरू आहेत. आणि बियासुद्धा. मी आधीच लिहून दिलंय."

ताईने मान वर केली आणि कपाळाला हात लावला. "माझी आई आहे. तू बघ," असं मला म्हणून ती शेजारच्या टेबलाला गेली. घरच्या माणसाचं सामान आम्ही स्वतः तपासत नाही.

मी पिशवी उघडली. वाळवलेल्या आंब्याच्या फोडी निरखल्या, कीड नव्हती, परत दिल्या. भाजलेल्या शेंगदाण्यांचंही तेच. घरी धरलेल्या दुधीच्या बिया बाजूला ठेवल्या. तिकडच्या कृषी खात्याचा दाखला नव्हता.

"बियांचं एक वेळ समजलं," काकू म्हणाल्या. "पण पेरू घरच्या झाडाचे आहेत. फवारणीसुद्धा नाही."

"म्हणून तर जास्त बघायचं, काकू."

एकही डाग नसलेला पेरू मी मधोमध कापला. गरात तांदळाएवढी पांढरी आळी वळवळली. भिंग मी त्यांच्या हातात दिलं. त्या बराच वेळ वाकून बघत राहिल्या.

"अगंबाई, आम्ही खातो तेच का हे?"

"फळमाशीची आळी. खाणाऱ्याला काही होत नाही. पण एक जोडी जरी बागेत गेली, तरी इथल्या फळांची वाट लागते."

"आता दंड?"

"सांगितलंत ना, मग नाही. लपवलं असतं तर झाला असता."

पेरू आणि बिया सीलबंद पिशवीत गेल्या, तिथून थेट भट्टीत. काकू जरा हिरमुसल्या. मग शेजारच्या टेबलाकडे बघत राहिल्या. तिथे त्यांची लेक एका गृहस्थांच्या बुटांच्या तळव्यांतली माती ब्रशने काढत होती, आणि ते गृहस्थ तिच्यावर खेकसत होते.

काकू तरातरा तिकडे गेल्या. "अहो, ती तुमच्या भल्याचंच करतेय. माझे तर पेरू घेतले."

"आई, तू बाहेर थांब," ताई ओठ दाबून म्हणाली.

"थांबते गं." जाता जाता काकूंनी रांगेतल्या एका बाईची टोपली न्याहाळली. "सफरचंदं का? सांगून टाका हो. आतून काय निघेल, नेम नाही."

त्या बाईने मुकाट्याने टोपली माझ्यापुढे सरकवली.