क्षमस्व खोडणारे हरिचंद्रकाका

अंबरनाथला आमच्या चाळीत अर्ज म्हटला की हरिचंद्रकाका. कारखान्याच्या ऑफिसात तीस वर्षं कारकुनी करून रिटायर झाले, पण कारकुनी काही त्यांना सोडेना. रेशनकार्डातलं नाव असो नाहीतर नळाची तक्रार, काका चष्मा पुसून बसायचे. वर आम्हाला शाळेतल्या पोरांसारखं दटावायचे. मला त्यांचा राग यायचा.

२००९ साली मला लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाला जायचं होतं. कल्याणच्या त्या संस्थेने पहिल्यांदाच फॉर्म ऑनलाइन ठेवले होते. बुधवारी सायबर कॅफेत सगळं भरून 'सबमिट' दाबलं, तर पान कोरं. गुरुवारी तेच. शुक्रवारी, म्हणजे शेवटच्या दिवशी सकाळीही तेच. पाच वाजता मुदत संपणार होती आणि माझं वर्ष जाणार होतं.

कॅफेवाले सिंधी शेठ मात्र हुशार. तिन्ही वेळा त्यांनी एररच्या पानाची प्रिंट काढून दिली. "बेटा, नीचे तारीख-टाइम है, संभालके रख."

मुदतवाढीचं पत्र मी स्वतःच लिहिलं आणि काकांना दाखवलं. पहिलीच ओळ होती, 'माझ्याकडून उशीर झाल्याबद्दल क्षमस्व.'

काकांनी ती खोडली. "यशोधरा, उशीर तू केलास का गं?"

"नाही काका. पण तसं लिहितात ना?"

"कोण लिहितात? जे चुकतात ते. तूच कबुली दिलीस तर ते कशाला तपासतील? फॉर्म तीन वेळा भरलास, त्या वेळा लिही. सोबत प्रिंट जोड. दोन दिवस माग. बास."

मग पायात चपला सरकवून तेही निघाले. प्रवेश विभागात पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते. खिडकीतल्या बाई पत्र घेईनात. "ऑनलाइन आहे सगळं. मुदतवाढ माझ्या हातात नाही."

"मंजूर करू नका, मॅडम," काका अगदी गोड आवाजात म्हणाले. "नुसतं आवक करा. दुसऱ्या प्रतीवर पोच द्या."

त्या गोड आवाजाला बाई वैतागल्या, पण शिक्का मारला. नंबर, तारीख, वेळ चार सत्तेचाळीस. काकांनी ती प्रत घडी न घालता पिशवीत ठेवली. मला मात्र त्या शिक्क्याचा काडीचा भरवसा नव्हता. घरी येऊन मी जेवले नाही.

सोमवारी दुपारी संस्थेतून फोन आला, पत्राचं उत्तर घेऊन जा. तिथे कळलं, असे बरेच जण अडकले होते. सगळे फोनवर भांडले होते, मुदतीच्या आत लेखी एकट्या माझंच होतं. त्या कागदाच्या आधारावर तिथल्या साहेबांनी सगळ्यांसाठीच दोन दिवस वाढवून दिले. तसाच सायबर कॅफे गाठला. फॉर्म गेला, अर्जाचा नंबर आला आणि मी तिथेच खुर्चीत रडायला लागले.

उत्तराचं पत्र घेऊन काकांकडे गेले. त्यांनी ते उजेडात धरून वाचलं आणि एका ओळीशी थांबले. ती त्यांनी मोठ्याने वाचली, पुन्हा एकदा वाचली. मग चाळीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचली.

"अर्जदाराचा कोणताही दोष दिसून येत नाही."