रूपाताईंनी अडवलेली मेल

पुंडलिकनगरच्या रूपाताई हाडांच्या एका छोट्या दवाखान्यात बसतात. डॉक्टर मोबाईलसमोर बोलतात, मोबाईल ते टाइप करतो आणि रूपाताई तपासल्याशिवाय मेल सुटत नाही. त्यांचं वाचणं ऐकण्यासारखं! आधी मुकाट्यानं, मग मोठ्यानं, आणि जिथं विरामचिन्ह नाही तिथं श्वाससुद्धा घ्यायचा नाही. नाटकाच्या विंगेतला जुना प्रॉम्प्टर असाच कान लावून उभा असायचा.

त्या गुरुवारी बिडकीनच्या कडूबा या पेशंटबद्दलची मेल होती. पुण्याचे सर्जन दुसऱ्या दिवशी येऊन त्यांच्या कमरेच्या हाडाचं ऑपरेशन करणार होते. करायचं की नाही, ते त्यांना जाणाऱ्या या मेलवर ठरणार होतं.

पहिली चूक रूपाताईंनी चुटकीसरशी धरली. ‘इलियम’ म्हणजे कमरेचं हाड. पण इंग्रजीत अगदी तसाच उच्चार असलेला एक आतड्याचा भागही आहे. मोबाईलनं आतडं लिहिलं होतं. मग मोठ्यानं वाचताना त्या एका इंग्रजी वाक्यापाशी अडल्या. त्याचा अर्थ होता, ‘ताप नाही सोमवारपासून औषध चालू.’ मध्ये एकही चिन्ह नाही. ताप सोमवारपासून नाही, की औषध सोमवारपासून चालू? रेकॉर्डिंग लावलं, तर नेमकं तिथंच स्ट्रेचर खडखडलेलं!

बाहेर कडूबांची बायको, मनकर्णाबाई, ताटकळली होती. “बाई, गेली का नाय चिठ्ठी? लई येळ झाला.”

“विचारून पाठवते, मावशी.”

“एवढ्याशा कागदाला किती विचारायचं!”

अंदाजानं पूर्णविराम टाकला असता, तर कोणी विचारलं नसतं. रूपाताई जिना चढून वॉर्डात गेल्या.

डॉक्टर वैतागले. “रूपाताई, टाका ना तुम्हीच!”

“नाही सर. पेशंट तुम्ही पाहिलाय. मी फक्त कागद पाहिलाय.”

डॉक्टरांनी तापाचा तक्ता ओढून पाहिला. मंगळवारी रात्री ताप एकशे एक होता. औषध सोमवारपासून चालू होतं. त्यांनी तापाची तारीख आणि वेळ नव्यानं सांगितली. रूपाताईंनी ती घातली, पुन्हा दोनदा वाचली आणि मगच मेल सोडली.

तासाभरात उत्तर आलं: उद्या ऑपरेशन नको. आधी रक्त तपासा. जंतू असतील तर जखम चिघळेल. तपासणी चांगली आली, तर मी सोमवारी येतो.

ते ऐकून मनकर्णाबाई फणकारली. “तुमीच मोडता घातला!”

रूपाताईंनी तिला शेजारी बसवलं आणि सगळी मेल मराठीत वाचून दाखवली, सावकाश, वाक्यावाक्याला थांबत. म्हातारी मान हलवत ऐकत राहिली.

“मंगळवारचा ताप लिवलाय व्हय त्यात?”

“लिहिलाय.”

“त्या रातभर मीच पट्ट्या ठिवल्या,” ती हळूच म्हणाली. “मग खरंय ते. ऱ्हाऊ द्या सोमवारपत्तोर.”