बहिणीच्या हिश्श्याचा उतारा

बारावीच्या वर्षी मी कायद्याच्या प्रवेश परीक्षेची तयारी करत होते. हडपसरहून बसने कोथरूडच्या क्लासला जायचे आणि परत येईपर्यंत डोकं सुन्न झालेलं असायचं. तिथल्या मॅडमनी आखून दिलेलं वेळापत्रक कडक होतं. सकाळी वर्तमानपत्र वाचून चालू घडामोडींची टिपणं, कॉलेज सुटल्यावर तर्काचे उतारे, संध्याकाळी कायद्याचे, आणि रविवारी घड्याळ लावून पूर्ण सराव परीक्षा.

"कायद्याचा उतारा घरच्यांना मोठ्यानं समजावून सांग," मॅडम म्हणाल्या होत्या. "ज्याला कायदा येत नाही त्याला कळला, तरच तुला कळला."

म्हणून बाबा माझे श्रोते झाले. आमची शेती गेली, इमारती आल्या, पण रस्त्यालगतचा एक तुकडा अजून शिल्लक होता. बाबा दिवसभर तिथल्या गाळ्यांचं बघायचे आणि संध्याकाळी चहा घेऊन माझ्यासमोर बसायचे. मी आधी उताऱ्यातला नियम सांगायचे, मग प्रश्नातली हकीकत. बाबा पैज लावल्यासारखं उत्तर द्यायचे. चुकलं की म्हणायचे, "तुमचा कायदाच येडा हाय."

त्या दिवाळीआधी आत्यानं त्याच तुकड्यात हिस्सा मागितला. बाबांची ही एकुलती एक बहीण, ते तिला अक्का म्हणायचे. फोनवर दोघांचा आवाज चढला आणि येणंजाणं थांबलं.

आणि नेमका तो उतारा आला. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क असतो, असा त्यातला नियम. मी पान उलटायला लागले.

"हे का सोडलं? वाच की," बाबा म्हणाले.

मी वाचलं. प्रश्नातला भाऊ म्हणत होता, बहिणीच्या लग्नाला घरानं भरपूर खर्च केला, आता तिचा हिस्सा उरला नाही.

"बरोबर हाय त्याचं," बाबा लगेच म्हणाले. "भाऊ जिंकणार."

"नाही बाबा. नियमात लग्नाच्या खर्चाचा शब्दच नाही. बहिणीला हिस्सा मिळतो."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. आई कान देऊन ऐकत होती.

"हे तुझ्या आत्यानं धाडलंय का?"

"क्लासचं आहे. सगळ्यांना दिलंय."

कप तसाच ठेवून ते उठून गेले. दुसऱ्या दिवसापासून ते माझ्यासमोर बसेनात. जेवताना आईशी बोलत, माझ्याशी नाही. मी एकटीच भिंतीला उतारे समजावत बसे.

रविवारच्या सराव परीक्षेत कायद्याच्या भागात माझे गुण कोसळले. चुकीच्या उत्तरांचे गुण कापले जातात, त्यामुळे एकूण आकडाही घसरला. मॅडमनी माझे चुकलेले प्रश्न एकेक करून पाहिले.

"कुणी जिंकावं हे तू आधीच ठरवतेस," त्या म्हणाल्या. "मग त्याच्यासाठी कारण शोधतेस. परीक्षा महिन्यावर आलीय. उताऱ्यात आहे तेवढंच धर. बाहेरचं काही आणू नकोस."

बाहेरचं म्हणजे माझं घर होतं. ते मी त्यांना सांगितलं नाही. मॅडमचं ऐकून पुढच्या प्रत्येक प्रश्नात माणसांची नावं झाकून फक्त नियम लावायला लागले. हळूहळू गुण सावरले, पण घरातला ताण तसाच राहिला.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात बाबा दारात येऊन उभे राहिले.

"त्या बहिणीच्या प्रश्नाचं उत्तर बदललं का?"

"नाही."

"परत वाच."

मी वाचलं. त्यांनी बसून शेवटपर्यंत ऐकलं.

"समज, बहिणीनंच हक्क सोडल्याचं लिहून दिलं असतं तर?"

"रीतसर नोंदणी करून हक्कसोडपत्र दिलं असतं तर गोष्ट वेगळी. पण या उताऱ्यात तसं काही नाही."

"हितंबी अक्कानं तसं काय लिहून दिलेलं नाही," ते हळूच म्हणाले आणि बाहेर गेले. थोड्या वेळानं अंगणातून फोनवर बोलणारा त्यांचा आवाज आला. "अक्का, मी बोलतोय." पुढचं मला ऐकू आलं नाही. आई दारातच पदर तोंडाला लावून उभी होती.

परीक्षेत चालू घडामोडींच्या एका उताऱ्यावर मी अडले. तिथे रेटत बसले असते तर वेळ गेला असता. नुसत्या अंदाजावर गोल न भरता तो सोडून मी तर्काकडे वळले, आणि पुढचा पेपर वेळेत झाला.

पहिल्या यादीत माझं नाव नव्हतं. नंतरच्या यादीत लागलं, तेही परराज्यातल्या विद्यापीठात. निघायच्या दिवशी आत्या आली. तुकड्याची वाटणी अजून व्हायची होती. मोजणी नीट झाली नाही म्हणून दोघं माझ्या बॅगेशेजारी उभे राहून भांडत होते. पण निदान एका घरात उभे राहून भांडत होते.