दुसऱ्या हरकतीचे उत्तर

११ फेब्रुवारी १९९८, दुपारचे तीन वाजून चाळीस मिनिटे. माझ्या पहिल्या शोधनिबंधावरचा परीक्षकाचा अभिप्राय मी विभागातल्या टेबलावर उघडला, तेव्हा ही वेळ नोंदवहीत लिहून ठेवली. संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून भाषाविज्ञानाकडे वळले असले, तरी वेळ टिपण्याची सवय गेली नव्हती.

निबंधावर एकटे माझे नाव होते. विषय होता पूर्वेकडच्या डोंगरपट्ट्यातल्या एका छोट्या बोलीतली द्विरुक्ती. आपण ‘दोन दोन पोळ्या वाढ’ म्हणतो, तेव्हा दुसरा ‘दोन’ प्रत्येकाला दोन हा अर्थ आणतो. त्या बोलीतही असे काही घडते, आणि विशेषणे दुप्पट केली की तीव्रता वाढते, असा माझा दावा होता. पुरावा म्हणून तीन माणसांनी सांगितलेल्या गोष्टी आणि त्यांतली चोपन्न उदाहरणे होती.

परीक्षकाने दोन हरकती घेतल्या होत्या. पहिली अपेक्षितच होती: नमुना लहान आहे आणि चोपन्नपैकी तेहतीस उदाहरणे एकाच बाईंची आहेत. दुसरी वाचताना मात्र कान तापले. ‘शब्द दोनदा आला एवढ्यावरून ती द्विरुक्ती कशी ठरली? माणसे नुसती पुनरावृत्तीही करतात. या दोहोंत फरक कोणत्या कसोटीवर केला, ते लेखिकेने सांगितलेले नाही.’ उत्तराला सहा आठवड्यांची मुदत होती.

संपादकांना लिहायच्या पत्राचा पहिला मसुदा मी त्याच संध्याकाळी केला. लहान नमुन्याला चालणारी संख्याशास्त्रीय चाचणी, तिची रीत, तिचे समर्थन, असे अडीच पानांचे इंग्रजी. दुसऱ्या हरकतीला एकच वाक्य दिले: ‘उदाहरणे कार्डांवर स्पष्ट दिसतात.’

कार्डे माझी नव्हती. ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या मुलीची होती. ती शहराबाहेरच्या छाणी गावची, बोलण्यात गुजराती ‘ने’ मिसळणारी; वडील कारखान्यात फोरमन. तीन वर्षांपूर्वी आम्ही एकाच दिवशी पीएच.डी.साठी नाव नोंदवले. गावोगाव जाऊन कॅसेट भरणे आणि त्या ऐकून कार्डांवर उतरवणे हे तिचे काम, कार्डांवरून विश्लेषण हे माझे. सर दोघींचे मार्गदर्शक, पण कोणी पाहुणा आला की म्हणायचे, “हिचे कान ऐका.” माझे आकडे पाहा, असे ते कोणालाच म्हणाले नाहीत. ती गावातून परतली की तिच्या पिशवीत कोणीतरी दिलेली मक्याची कणसे असायची. मी एकदाच गेले होते. मला पाहुण्यासारखी वेगळी खुर्ची मिळाली होती.

म्हणूनच निबंधावर माझे एकटीचे नाव असणे मला हवे होते. शेवटी आभारात तिचा उल्लेख केला होता, पाऊण ओळीचा.

मसुदा वाचून सरांनी चष्मा काढला. “कसोटी कुठे आहे? कॅसेट ऐकल्यास का?”

“कार्डांवर सगळं आहे, सर.”

“कार्डावर श्वास दिसतो?”

दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे कॅसेट मागितल्या. तिने डबा पुढे सरकवला.

“आत्ता आठवलं होय तुला? घे ने. पण टेप मी चालवणार. तू बटणं तोडशील.”

आम्ही कसोट्या आधी कागदावर लिहिल्या. हे सुचवले मी, आणि तेवढ्यापुरते बरे वाटले. दोन्ही शब्द एका दमात, मध्ये न थांबता म्हटले गेले पाहिजेत. प्रत्यय लागत असेल तर एकदाच, शेवटी. तिसऱ्यांदा शब्द येता कामा नये. यांतले काही मोडले, तर उदाहरण बाद.

बाईंची पहिली गोष्ट लागली. चौथ्या वाक्याला तिने टेप थांबवली.

“हे धरलंयस?”

“हो. ‘लांब’ला जो शब्द आहे तो दोनदा आलाय. तीव्रता.”

ती हसायलाच लागली. “अगं, तीव्रता कसली! शब्दांची यादी भरताना मीच सांगितलं होतं त्यांना, प्रत्येक शब्द दोनदा म्हणा, म्हणजे टेपवर नीट येईल. दोन दिवस आम्ही तेच केलं. मग गोष्ट सांगायला बसल्या, तर मला येत नसेल असं वाटलं की तो शब्द दोनदा. माझ्याकडे बघून, हळू. शाळेतल्या बाईंसारखं.”

“हे तू मला सांगितलं नाहीस.”

“तू विचारलंस कधी? तू कार्डं मोजत बसलीस. मला वाटलं, हुशार माणसं काढून टाकत असतील.”

यादीतला प्रत्येक शब्द दोनदा वदवून घेतात, हे मलाही पाठ्यपुस्तकातून माहीत होते. ती सवय गोष्टीत शिरेल, हे माझ्या डोक्यात आले नव्हते. तिथे ओसरीवर ती बसली होती, बाई तिच्याकडे पाहून बोलल्या होत्या. माझ्या निबंधातली एकोणीस उदाहरणे म्हणजे तिला शिकवण्यासाठी उच्चारलेले शब्द होते. मला राग आला तो चूक निघाल्याचा नव्हे. त्या बाईंनी माझ्यासाठी एकही शब्द दोनदा म्हटला नसता, याचा.

चार दुपारी आम्ही ऐकत राहिलो. एकोणीस गेली, सगळी बाईंची. आणखी सहा मध्ये थांबल्यामुळे किंवा तिसऱ्या उच्चारामुळे गेली. उरली एकोणतीस: बाईंची अकरा, दुसऱ्याची दहा, तिसऱ्याची आठ. म्हणजे एकाच व्यक्तीकडे झुकलेला तोल आपोआप सावरला होता. ‘प्रत्येकी’ हा अर्थ तिघांकडेही टिकला. विशेषणांची मात्र चारच उदाहरणे राहिली. तेवढ्यावर तीव्रतेचा दावा करता येत नव्हता.

दुसरा मसुदा सरळ होता. परीक्षकांची हरकत योग्य आहे, कसोट्या या, पंचवीस उदाहरणे वगळली, विशेषणांविषयीचा भाग मागे घेते. पण एका वाक्यापाशी मी दोन दिवस अडले. ‘ध्वनिफिती पुन्हा ऐकल्यावर असे आढळले की’ असे मी लिहिले होते. कोणाला आढळले, ते त्या वाक्यात कुठेच नव्हते. व्याकरणाने निर्दोष. संपादकांना काहीच खटकले नसते, आणि निबंध माझा एकटीचा राहिला असता.

ते वाक्य मी सचोटीने बदलले, असे म्हणणे खोटे होईल. परीक्षक पुढे हमखास विचारेल, एकोणीस उच्चार शिकवण्यासाठीच होते कशावरून? त्याला पुरावा एकच होता: समोर बसलेली ऐकणारी. तिला झाकले तर उत्तर लंगडे पडत होते. मी लिहिले, ‘हे उच्चार ध्वनिमुद्रण करणाऱ्या संशोधिकेला उद्देशून होते, असे तिने ओळखले; तिचे नाव सहलेखिका म्हणून जोडावे, ही विनंती.’

पत्र तिला वाचायला दिले. मान्यता हवी होती. आभार अपेक्षित होते, हेही कबूल करते.

“माझं नाव दुसरं का? पहिलं घाल ने,” ती म्हणाली. माझा चेहरा पाहून लगेच पुढे, “मस्करी, बाई! पाणी पी.”

मग तिने पान उलटून उदाहरणांची यादी पाहिली आणि बोट ठेवले. “हे तिसऱ्याचं, शेवटून दुसरं. इथे ते थांबतात.”

“नाही थांबत. आपण ऐकलंय.”

“तू ऐकलंस. मी तेव्हा चहा आणायला गेले होते.”

तिने कॅसेट लावली. मला काही ऐकू आले नाही. पुन्हा लावली. नाही. तिसऱ्यांदा तिने माझ्याकडे न पाहता बोटाने टेबलावर टकटक केली, नेमकी दोन शब्दांच्या मध्ये. मला तेव्हाही फक्त तिचे बोट ऐकू आले.

सरांच्या खोलीतल्या यंत्रावर कॅसेट अर्ध्या वेगाने चालवता येई. मी एकटीच तिकडे गेले. तिची चूक निघावी, अशी माझी मनापासून इच्छा होती. अर्ध्या वेगाला पहिल्या शब्दानंतर एक छोटी, स्वच्छ शांतता होती आणि तिच्या टोकाला घेतलेला श्वास.

परत येऊन मी पत्रातला आकडा खोडला, शेवटचे पान नव्याने टाइप केले, आणि तिने न विचारताच सही करायला पेन पुढे केले. नोंदवहीत ‘मान्य उदाहरणे’ या रकान्यात मी लिहिले: २८.