प्रकाश थकत नाही

केज तालुक्यातल्या ज्या कनिष्ठ महाविद्यालयात मी पदार्थविज्ञान शिकवतो, तिथे प्रयोगशाळेत आता नवे परिचर आले आहेत. कामाला ते चोख आहेत. तरीही स्पिरिटच्या दिव्याचा वास आला की मला जुने परिचर आठवतात. सारे त्यांना मामा म्हणत. शिक्षण दहावीपर्यंतचे, पण बंद पडलेला गॅल्व्हानोमीटर त्यांच्या हातात पुन्हा चालू लागे. आकाशाविषयीचे प्रत्येक कात्रण ते एका जुन्या हजेरीपटात चिकटवून ठेवत. मधल्या सुट्टीत चहा घेताना आम्ही त्या कात्रणांवर बोलत असू. त्या पंधरा मिनिटांइतके निर्भेळ सुख नोकरीने मला क्वचितच दिले. ते मीच घालवले.

कृष्णविवराचे छायाचित्र मामांनीच फळ्याशेजारी लावले होते. ते पाहून बारावीच्या एका मुलीने विचारले, हे तयार कसे होते? मी सांगू लागलो. ताऱ्याचे वजन त्याला आत दाबत असते आणि गाभ्यातल्या अणुकेंद्रकांच्या संमीलनाचा दाब त्याला सावरून धरतो. सूर्याच्या कितीतरी पट मोठ्या ताऱ्यात शेवटी गाभ्याचे लोखंड होते. लोखंडाच्या संमीलनातून ऊर्जा मिळत नाही. आधार सुटतो आणि गाभा पापणी लवायच्या आत कोसळतो. उरलेला गाभा फारच जड असेल तर ते कोसळणे कशानेच थांबत नाही.

इथवर सारे बरोबर होते. मग मी दगडाचा दाखला दिला. वर फेकलेला दगड मंदावतो आणि परततो. तसाच कृष्णविवरातून निघालेला प्रकाश थोडा वर जातो, मंदावतो आणि खाली पडतो.

मागच्या टेबलाशी भिंगे पुसत असलेले मामा म्हणाले, “सर, उजेड दमतो व्हय? त्याचा वेग कमी होत न्हाई, असं तुमीच सांगितलं ना गेल्या हप्त्यात?”

“मामा, आधी भिंगं पुसा,” मी हसत म्हणालो. “प्रकाशाचं मी बघतो.”

वर्ग खदखदून हसला. मामाही किंचित हसले आणि पुसत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी चहा माझ्या टेबलावर ठेवला आणि ते निघून गेले. हजेरीपट पुन्हा दिसला नाही.

तीन दिवस वाचन केल्यावर मला कळले की मामांची शंका अचूक होती. तरी मी गप्प राहिलो. उद्या सांगू, पुढच्या सोमवारी सांगू, असे करत दिवाळी उलटली. मार्चअखेर मामा निवृत्त होणार होते. ते असेच न बोलता गेले तर काय, या विचाराने अखेर मी त्यांना वर्गात बसायची विनंती केली.

“मी चुकीचं शिकवलं होतं,” मी मुलांना म्हणालो. “मामांचं बरोबर होतं. प्रकाश मंदावत नाही.” मग पुराच्या नदीचे उदाहरण दिले. मासा पूर्ण बळाने वरच्या दिशेला पोहतो आहे, पण पाणीच त्याच्याहून वेगाने खाली धावते आहे. कृष्णविवराभोवती एक सीमा असते. तिच्या आत जणू अवकाशच प्रकाशाहून वेगाने केंद्राकडे वाहते. प्रकाश आपल्या नेहमीच्याच वेगाने धावतो, पण कोणत्याही दिशेला धावला तरी प्रत्येक वाट आतच नेते. बाहेर नेणारी वाट उरलेलीच नसते.

मी मामांची क्षमा मागितली. तास सुटल्यावर ते जवळ आले.

“नदीचं लई चांगलं सांगितलं,” ते म्हणाले. “पण त्या दिवशी हसलेली चार पोरं आज न्हाईत. ऊस तोडायला गेली आईबापासंगं. त्यांच्या लेखी मी येडाच की.”

रागाचा लवलेशही नव्हता त्या बोलण्यात. म्हणूनच ते सोसवले नाही. मी कार्यालयातून त्या चौघांच्या घरचे फोन नंबर घेतले. तिघांचे फोन लागले नाहीत. चौथा फोन उचलला तो मूळ प्रश्न विचारणाऱ्या मुलीने. मागे ट्रॅक्टरची घरघर चालू होती. मी तिला दगडाचे, नदीचे, सारे सांगितले.

“सर, मला तवाच मामाचं खरं वाटलं व्हतं,” ती म्हणाली.

“मग हसलीस का?”

“तुमी हसला म्हणून.”

हे उत्तर मामांपासून लपवता आले असते. पण इतके दिवस लपवण्याचेच काम मी केले होते. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत, स्वतः दोन कप चहा घेऊन मी प्रयोगशाळेत गेलो आणि तिचे शब्द जसेच्या तसे त्यांना सांगितले. मामांनी चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाले, “पोरगी हुशार हाय. परीक्षेला येईल का ती?”

मला ते विचारायचे सुचलेच नव्हते.

“मंग लावा की परत फोन,” मामा म्हणाले, आणि स्टूल ओढून माझ्याजवळ बसले.