न फिरवायचा ड्रम

आमच्या इमारतीत पाण्याच्या चाव्या सोडणाऱ्या माणसाला सगळे ‘चावीवाले’ म्हणत. चाव्यांशिवाय पंप, जिन्यातले दिवे, झाडलोट, तुंबलेल्या मोऱ्या आणि लोकांची तोंडं, हे सगळं त्यांच्याकडेच होतं. पंपाला लागून असलेल्या एका खोलीत ते आणि त्यांची बायको राहत. मी तिला वहिनी म्हणत असे. पंप सुरू झाला की त्या खोलीतली भांडी थरथरत. वहिनी म्हणायची, “एवढ्या आवाजातसुद्धा झोप लागते हो बाई, स्वतःचं दार लावून घेतलं की.”

मी पहिल्या मजल्यावर राहते. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे चुकीचं काही ऐकलं की गप्प बसवत नाही. इमारतीतले लोक मला टाळतात, त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही.

नगरपालिकेने ओला कचरा उचलणं बंद केलं तिथून हे सगळं सुरू झालं. कोपऱ्यात सालींचा आणि शिळ्या अन्नाचा ढीग साचला, घोंगावणाऱ्या माश्या तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचल्या आणि एक कंत्राटदार हसत हसत दारात उभा राहिला. कचरा तो रोज नेणार, झाडलोट आणि पंपही त्याचीच माणसं बघणार. फक्त त्या माणसांसाठी पंपाशेजारची खोली रिकामी हवी होती.

चावीवाल्यांच्या पायाखालची जमीन सरकली. पण ते रडत बसले नाहीत. भंगारातून प्लास्टिकची तीन निळी पिंपं आणली. प्रत्येकाच्या मधून आरपार लोखंडी नळी घातली, ती घोडीवर आडवी बसवली आणि एका बाजूला हँडल लावलं. अंगाला भोकं पाडली, आत पट्ट्या बसवल्या, म्हणजे पिंप फिरलं की खालचा माल वर उचलला जाऊन पुन्हा खाली पडेल आणि त्यात हवा खेळेल. हे त्यांचं छोटं मॉडेल. हे जमलं तर अख्ख्या इमारतीसाठी मोठा ड्रम करायचा आणि तो फिरवायला, त्याची ओल सांभाळायला चावीवालेच राहणार.

आमचे सेक्रेटरी निवृत्त इंजिनिअर. माणूस खडूस असला तरी खोटा नव्हता. ते म्हणाले, “ड्रममध्ये खत होतं हे मला मान्य आहे. पण ते फिरवायला आणि बघायला रोज माणूस लागतोच कशाला? भरून ठेवलं की आपोआप होत असेल, तर बाकीची कामं कंत्राटदार करेल.”

प्रश्न रास्त होता. मग चाचणी ठरली, आणि ती मीच आखून दिली. तिन्ही ड्रममध्ये एकाच दिवशी सारखाच कचरा: भाजीचे देठ, फळांच्या साली, चहाचा चोथा, वर सुका पाला आणि लाकडाचा भुसा. पहिला ड्रम नियमित फिरवायचा आणि ओल बेताची ठेवायची, म्हणजे मूठभर माल घट्ट पिळला तर बोटांच्या फटीत जेमतेम थेंब दिसावा. दुसऱ्यात ओल तेवढीच, पण तो फिरवायचा नाही. तिसरा फिरवायचा, पण त्यातला कचरा आधी उन्हात वाळवून घालायचा आणि नंतर पाण्याचा थेंबही द्यायचा नाही. पहिला सव्वा महिन्यात तयार व्हावा, दुसरा खाली दबून, हवा न मिळाल्याने आंबट वासाचा व्हावा, आणि तिसरा वाळलेल्या कचऱ्यासारखा जसाच्या तसा राहावा. म्हणजे हवा कोण देतं, ओल कोण राखतं आणि त्याने किती वेळ वाचतो, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. सेक्रेटरींनी स्वतः खडूने दुसऱ्या ड्रमवर ‘फिरवू नये’ आणि तिसऱ्यावर ‘पाणी घालू नये’ असं लिहिलं.

त्या संध्याकाळी चावीवाले घरी जाऊन बायकोला एवढंच म्हणाले, “आपली खोली आता या तिन्ही ड्रमांवर आहे.” बोलून मोकळे झाले आणि मोरी काढायला गेले. नवराबायकोत सगळं समजावून सांगायची पद्धत असते कुठे?

पहिल्या ड्रमने काही दिवसांतच ऊब धरली. माझ्याकडचा लांब दांड्याचा थर्मामीटर आत खुपसला की पारा भराभर चढे, झाकण सरकवलं की चेहऱ्यावर वाफ येई. दुसराही तापला. मी म्हटलं, सुरुवातीची ऊब कुठल्याही ढिगाला येते. आतली हवा संपली की तो बसेल.

तो बसला नाही. आणि ज्याने तापायलाच नको होतं तो तिसराही तापायला लागला.

चावीवाले तिसऱ्यातला माल मुठीत धरून बघत. तो सुटा राहायला हवा होता, त्याचा लाडू वळला जात होता. “बाई, पाणी येतंय कुठनं? पाऊस नाही, वर पत्रा आहे. पंपाची नळी गळत असेल का?” त्यांनी नळी टोकापर्यंत तपासून बघितली. झाकणाच्या फटी बुजवल्या. ते हाताने पिंपाचं अंग चाचपत, जणू तापलेल्या पोराचं कपाळ. जेवण सुटलं. कोणीही हाक मारली की दचकायला लागले. एकदा मला म्हणाले, “माझंच चुकलं असेल. फिरवल्याने काही होतच नसेल. मी आपलं उगाच हँडल मारत आलो.” मी त्यांच्यावर खेकसले. पण खरं सांगायचं तर मलाही काही सुचत नव्हतं आणि त्याचा मला भयंकर राग येत होता.

सव्वा महिना भरत आला, ड्रम उघडायची बैठक ठरली. तिच्या आदल्या दिवशी दुपारी चावीवाले गच्चीवर टाकी धूत होते. मी कोरड्या पाल्याचं पोतं ठेवायला मागच्या अंगणात ड्रमांपाशी गेले. दुसऱ्या ड्रमच्या हँडलला वहिनी लोंबकळली होती. पदर खोचलेला, कपाळावर घाम. ड्रम सावकाश फिरत होता. मग तिने तांब्यात हात बुडवला आणि तिसऱ्याचं झाकण सरकवून, पोळ्यांच्या कणकेला लावावा तसा पाण्याचा हात आतल्या मालाला लावला.

“वहिनी, काय करतेस?”

ती दचकली नाही. उलट जवळ येऊन हळूच म्हणाली, “यांना सांगू नका. रागावतील, गुडघे दुखतात ना माझे. पण हे दोन मागे पडत होते हो. एकट्या पहिल्याचं कौतुक करून कसं चालेल? यांनी सांगितलंय, खोली तिन्हींवर आहे.”

“अगं, वर लिहिलंय ते वाचलंस ना?”

“वाचलं की. फिरवू नये, पाणी घालू नये. यांचं काम बिघडावं म्हणूनच कोणीतरी लिहिलं असणार.” ती समाधानाने हसली. “मी काही बिघडू देते होय?”

ज्या माणसांच्या हातून एक बल्ब गेला तरी चार जणांपुढे उभं राहावं लागतं, त्यांना एखादी वस्तू नापास होण्यासाठीच ठेवतात हे कसं कळावं? मी पोतं तिथेच टाकलं. तडक गच्चीवर गेले आणि चावीवाल्यांना सगळं सांगितलं.

ते ब्रश हातात धरून ऐकत राहिले. मग टाकीच्या कडेवर बसले. मी म्हटलं, “उद्या बैठकीत सरळ सांगू. चाचणी पुन्हा करू. मी सेक्रेटरींची समजूत काढते.”

“नको बाई.”

“नको काय? डोकं फिरलंय का तुमचं?”

“आधीच्या जागी हिच्या हातून पंप चालू राहिला होता. तळघरात पाणी भरलं आणि आम्हाला बाहेर काढलं. त्यानंतर ही महिनोन्महिने धड जेवली नाही. रात्री उठून बंद पंपाला हात लावून बघायची. आत्ता कुठे माणसात आलीय.” त्यांनी ब्रश खाली ठेवला. “हिच्यामुळे पुन्हा खोली गेली, हे हिला कळलं तर मी हिला कुठल्या खोलीत ठेवू?”

मी भांडले, हात जोडले, त्यांना मूर्ख म्हटलं. त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. त्यांचे हात ओले होते.

बैठक मागच्या अंगणातच झाली. सेक्रेटरींनी तिन्ही ड्रम उघडले. तिन्हींत काळंभोर, भुसभुशीत खत. मातीसारखा वास. साल नाही, देठ नाही. एवढं सुरेख खत मी शाळेच्या बागेतही पाहिलं नव्हतं. लोक वाकून वाकून बघत होते. वहिनी खोलीच्या दारात उभी होती, तिच्या चेहऱ्यावरचा आनंद मला बघवेना.

“तिन्ही सारखेच,” सेक्रेटरी म्हणाले. त्यांनाही वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. “म्हणजे फिरवा न फिरवा, पाणी द्या न द्या, वेळ तेवढाच. मग यासाठी माणूस ठेवा असं मी कुठल्या तोंडाने सांगू?”

“चाचणी पुन्हा करू या,” मी म्हणाले.

“का? काही चुकलं का?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. चावीवाले माझ्याकडे बघत नव्हते, ते पहिल्या ड्रमच्या हँडलवरचा गंज अंगठ्याने खरवडत होते. सेक्रेटरींनी पुन्हा विचारलं. “तुम्हीच आखलेली चाचणी आहे, बाई. कारण सांगा, मी थांबायला तयार आहे. चावीवाले, तुम्हाला काही सांगायचंय?”

“नाही साहेब,” ते म्हणाले. “बरोबर झालीय.”

कंत्राटदाराला होकार गेला. लोकांनी घरून पिशव्या आणल्या आणि कुंड्यांसाठी खत भरून नेलं. तिन्ही ड्रम रिकामे व्हायला अर्धा तासही लागला नसेल.

महिनाअखेरीला टेम्पो आला. सामान ते किती, एक कपाट, एक पलंग आणि भांड्यांची गाठोडी. चावीवाले मागे चढून दोऱ्या बांधत होते. वहिनी निरोप घ्यायला माझ्यापाशी आली. रडून रडून डोळे सुजले होते.

“बाई, तुम्ही एवढ्या शिकलेल्या. खरं सांगा. यांचा एकही ड्रम बिघडला नाही, तरी काढलं. मग चुकलं कोणाचं?”

चावीवाल्यांचे हात दोरीवर थांबले.

जन्मभर मी पोरांच्या वहीत चुकीला लाल रेघ मारत आले. परीक्षेत कोणाच्या बापाची भीड ठेवली नाही.

“कोणाचंच नाही, वहिनी,” मी म्हणाले.

तिने मान डोलावली. तिला ते पटलं नव्हतं, पण माझ्यावर विश्वास होता. चावीवाल्यांनी गाठ आवळली, खाली उतरले आणि तिचे गुडघे दुखतात म्हणून तिला दोन्ही हातांनी धरून टेम्पोत बसवलं.