आईचे गुडघे, आबांची मान

काकांशी वाटणी झाली आणि कराडचं घर मधोमध भिंत घालून उभं चिरलं. जिना गेला काकांकडे. आमच्या वाट्याला नऊ फूट रुंदीचा बोळ आला. खाली आबांचं दुकान, वर स्वयंपाकघर आणि झोपायची खोली. जिना नवा घालायचा होता. बांधकामाचा डिप्लोमा मी नुकताच केला होता, त्यामुळे ते काम माझ्या गळ्यात पडलं.

वरच्या स्लॅबमध्ये जिन्यासाठी आठ फूट लांबीचीच मोकळी जागा मिळत होती. पुढे बीम. कोयनेच्या हादऱ्यांच्या मुलखात त्याला हात लावायची छाती कुणाची? जिना वळवावा तर दुकानच उरत नव्हतं.

आईचे गुडघे कधीच गेले होते. तिला सात इंच उंच आणि पाय ठेवायला दहा इंचांची पायरी हवी होती. पण असा सावकाश चढणारा जिना लांब पसरतो. त्याच्या खालच्या पायऱ्या बीमखाली येत होत्या आणि तिथे डोक्यावर सव्वापाच फुटांपेक्षा जास्त जागा उरत नव्हती. आबा सहाफुटी, सैन्यातून निवृत्त झालेले. पायरी आठ इंच उंच, नऊ इंच रुंद केली की आबा ताठ जात होते, आई अडकत होती. मधलं माप घेतलं तर आबांचं डोकं घासणारच होतं, आणि आईचे गुडघेही दुखणार होते. मी कागदामागून कागद फाडले. कुठूनही इंचभर जागा चोरता येईना. रडायचंच तेवढं बाकी होतं.

आबा म्हणाले, "मी वाकून जाईन. तिचं गुडघं कुठनं बदलून आणू?" विषय संपला, असं मला वाटलं.

पायऱ्यांचं फळीकाम सुरू झालं तेव्हा आबा कोरेगावला आत्याकडे गेले होते. आई चहा घेऊन आली आणि गवंड्याला म्हणाली, "दादा, उंच पायऱ्या घाला. पलटणीत जन्मभर ताठ चाललाय माणूस. घरात येता-जाता मान वाकवायला लावू नगा." मी परोपरीनं समजावलं. तिनं शांतपणे कप गोळा केले. आबा परतले तोवर उंच पायऱ्यांचं काँक्रीट पडलं होतं. ते खूप चिडले, पण चिडून काय होणार?

आई वर चढली ती वरच राहिली. भाजी खिडकीतून दोरीला पिशवी बांधून वर जायची. मला तिचा राग यायचा आणि वाईटही वाटायचं.

मग एकदा तिचा पाय सुजला. दवाखान्यात न्यायला आबांनी तिला पाठुंगळी घेतलं. बीमपाशी ते थबकले. ते स्वतः ताठ मावत होते, पण पाठीवरच्या आईचं डोकं बीमला लागत होतं. वाकावं तर उभ्या पायऱ्यांवर तोल जात होता. बाजूनं धरायला दुसऱ्या माणसाला जागा नव्हती. मी खाली नुसताच हात पसरून उभा होतो. शेवटी त्यांनी तिला पायरीवर बसवलं, स्वतः तिच्या खालच्या पायरीवर बसले, आणि दोघं बसूनच एकेक पायरी खाली सरकू लागली.

"आवं, कापडं मळत्यात," आई म्हणाली.

आबा रडत होते.